सुभेदारांची अर्धी गोष्ट

सांगलीतल्या त्या खोलीच्या भिंतीवर सहा कागद चिकटवले होते. तीन-तीन मिनिटांच्या ॲनिमेशन मालिकेचे सहा भाग. चार भाग प्रसिद्ध झाले होते. पाचव्याच्या तळाशी लेखक वीरधवलने नायिकेसाठी नवे संकट लिहिले होते, 'पूर. शिवांजली पुलावर. पूल हलतो.'

"पहिल्यात विहिरीत, दुसऱ्यात कड्यावर, तिसऱ्यात ट्रॅक्टरपुढं, चौथ्यात आगीत," चित्रे काढणारी सुरय्या बोटांवर मोजत म्हणाली. "वीरभाऊ, ही पोरगी आता मरणार न्हाई, हे पोराटोरांनाबी कळलंय. कुणाच्या काळजात धस्स व्हायचं?"

वीरधवलला हे पटत नव्हते; पण वादाला सवड नव्हती. शिराळ्याहून आलेले निवृत्त सुभेदार नाथाजी माइकसमोर हट्ट धरून बसले होते. मालिकेतल्या सुभेदाराला आवाज त्यांचाच होता, आणि वाक्यही त्यांचेच: 'आमची तुकडी बर्फात अडकल्याली, आन् समोरून—' दर भागात हे वाक्य येई आणि दर भागात नवेच काहीतरी ते तोडी; कधी कुकरची शिट्टी, कधी शेळी. प्रेक्षक त्या तोडण्याचीच वाट पाहत.

"या खेपेला पुरं बोलणार," नाथाजी म्हणाले. "न्हाईतर दुसरा गडी बघा."

"आबा, वाक्य पुरं झालं की गंमत संपली," वीरधवल म्हणाला. "आणि आवाज बदलला, तर पाचवा भाग कोण पाहील?"

"मग बोलू द्या की त्यांना," सुरय्या म्हणाली. "या वेळी कुणी तोडायचंच न्हाई. चार वेळा सवय लावलीया. पाचव्यांदा शिट्टी वाजली न्हाई, की बघणाऱ्याचाच श्वास अडकंल. भाग तिथंच संपवा. सहाव्याच्या सुरुवातीला उत्तर."

सापडलेल्या युक्तीवर चटकन रागावता येत नाही, ही वीरधवलची मोठी अडचण होती. त्याने मान डोलावली.

आवाज आधी, चित्र मागून, ही तिथली रीत. सुरय्याने रेकॉर्डिंग सुरू केले. नाथाजींनी मिशीवरून हात फिरवला.

"आमची तुकडी बर्फात अडकल्याली, आन् समोरून..."

कुणी खोकलेसुद्धा नाही. नाथाजींनी दाराकडे पाहिले, मग सुरय्याकडे, मग वीरधवलकडे.

"बोला की, आबा."

"बेचाळीस वरसं हितंच कुणीतरी तोडतंय, गड्या," ते ओशाळून म्हणाले. "घरात म्हातारी, पारावर दोस्त. म्हटलं, तोडत्यातच, पुढचं नीट जुळवलंच न्हाई कवा."

सुरय्याने रेकॉर्डिंग थांबवले नव्हते. तिने ऐकून पाहिले. 'समोरून'नंतरची शांतता सहा सेकंदांची होती, आणि तीत एक सुभेदार चक्क घाबरलेला ऐकू येत होता.

वीरधवलने पुराचा कागद स्वतः उतरवला.

"आन् सहाव्यात म्या काय बोलू?" नाथाजींनी विचारले.

"तुमची गोष्ट. तुम्हीच जुळवा."

"दोन दिस द्या मला," सुभेदार म्हणाले, आणि कपाळाला आठ्या घालून छताकडे पाहू लागले. लेखकांचा तो चेहरा वीरधवलला चांगलाच ओळखीचा होता. त्याने न विचारता स्वतःचे पेन त्यांच्यापुढे सरकवले.