रोशा तेलाचे अकरा डबे

रिपोर्ट सकाळी आला तेव्हा क्षिप्रा सोडून सगळे खूश झाले.

नोएडाच्या प्रयोगशाळेने मेलवर तीन पानं पाठवली होती. जिरॅनिऑल ८०.६ टक्के, जिरॅनिल ॲसिटेट ८.२, लिनॅलूल २.९. रोशा गवताच्या तेलात जे जेवढं असायला हवं ते तेवढं होतं. प्रसन्न सरांनी खुर्चीतूनच हाक मारून सांगितलं, "क्षिप्रा, तुझा खानदेश पास झाला. ओळखलेले घटक नव्याण्णव पॉइंट तीन टक्के. एकदम प्युअर माल यार."

क्षिप्रा जळगावची. केमिस्ट्रीत एमएस्सी करून दीड वर्षापूर्वी ती गुरुग्रामच्या या कंपनीत, उद्योग विहारातल्या एका तळमजल्यावरच्या लॅबमध्ये लागली होती. कंपनी सुगंधी तेलं विकत घ्यायची, तपासायची आणि छोट्या बाटल्यांत भरून विकायची. रोशा तेल आजवर दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून यायचं. गेल्या खेपेला क्षिप्रानेच ते नापास केलं. त्यात नेरॉलचं प्रमाण नको तेवढं जास्त होतं. गवतातलं जिरॅनिऑल जवळजवळ एकटंच येतं; कारखान्यात बनवलेलं मात्र नेरॉल या आपल्या सख्ख्या भावंडाला बरोबर घेऊन येतं. म्हणजे व्यापाऱ्याने कृत्रिम माल मिसळला होता. मग नंदुरबार जिल्ह्यातल्या बायकांच्या एका गटाला पहिल्यांदाच मोठी ऑर्डर मिळाली. हा गट कंपनीला क्षिप्रानेच सुचवला होता. हा माल पास झाला तर वर्षभराची ऑर्डर पक्की होणार होती, आणि तालुक्याच्या दलालाला पडत्या भावात तेल विकायची वेळ बायकांवर पुन्हा येणार नव्हती.

आता नेरॉल नगण्य होतं. कृत्रिम काही नव्हतं. तरी क्षिप्राचं लक्ष टेबलावरच्या कागदी पट्टीकडे जात होतं.

आदल्या सकाळी वास घेण्यासाठी तिने ती पट्टी तेलात बुडवली होती. रात्रभरात गुलाबासारखा, थोडा गवताळ वास जवळपास उडून गेला होता. पट्टीवर मात्र एक डाग उरला होता. उजेडासमोर धरला की कागद तिथे पारदर्शक दिसत होता, भज्यांच्या पुडीसारखा.

उडून जाणारं तेल उडून जायला हवं. मग हे काय बसून राहिलं होतं?

तिने पुन्हा वक्रीभवनांक घेतला. मर्यादेत. घनता घेतली. वरच्या अंगाला, पण मर्यादेत. ती सरांकडे पट्टी घेऊन गेली. त्यांनी ती नाकाला लावली आणि म्हणाले, की पट्टी काय, रुमालालाही डाग पडतो. लाखो रुपयांचं मशीन एक सांगतंय आणि तू कागद दाखवतेस. शिवाय दुपारपर्यंत मालाच्या पावतीवर पासचा शिक्का हवा होता. पुढची खरेदी अडली होती.

ती जागेवर येऊन बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. रिपोर्टची तिन्ही पानं तिने परत वाचली. सगळे आकडे 'क्षेत्रफळाच्या टक्केवारीत' होते. हे शब्द ती कॉलेजपासून वाचत आली होती आणि प्रत्येक वेळी ओलांडून पुढे गेली होती. आज ती तिथेच थांबली.

मशीन आधी तेलाची वाफ करतं. वाफ लांब नळीतून जाते, घटक वेगळे होऊन बाहेर पडतात आणि प्रत्येकाचं एक शिखर उमटतं. सगळ्या शिखरांची बेरीज शंभर धरून प्रत्येकाचा वाटा काढतात. पण सोयाबीनचं तेल, शेंगदाण्याचं तेल, ही खायची तेलं तशी वाफच होत नाहीत. ती मशीनच्या तोंडाशी काचेच्या नळीतच चिकटून राहतात. त्यांचं शिखर उमटत नाही. हजेरीपटावर फक्त आलेल्यांचीच नावं लिहिली, तर हजेरी नेहमीच शंभर टक्के भरणार.

आणि सोयाबीन तेलाचा वक्रीभवनांक? तिने पुस्तक उघडलं. रोशा तेलाच्या मर्यादेच्या अगदी आतच बसत होता.

जुन्या पद्धतीत एक चाचणी होती. एक भाग तेल, दोन भाग सत्तर टक्के अल्कोहोल. रोशा तेल त्यात स्वच्छ विरघळतं, खायचं तेल विरघळत नाही. नोएडाला नमुने पाठवायला लागल्यापासून कंपनीने ती सोडून दिली होती. क्षिप्राने परीक्षानळीत थेंब टाकले आणि हलवलं. मिश्रण दुधी झालं.

तिने सरांना नळी दाखवली. त्यांनी ती हलवून पाहिली. मग म्हणाले, लॉट रिजेक्ट कर. नोएडाला गेलेला नमुना सगळ्या अकरा डब्यांतून थोडं थोडं घेऊन एकत्र केलेला होता. त्याच एका बाटलीवर पूर्ण लॉट पास किंवा नापास, हीच कंपनीची रीत होती. क्षिप्राने एक दिवस मागितला. प्रत्येक डबा वेगळा तपासू द्या, म्हणाली. त्यांनी दिला, पण त्याच दमात दिल्लीच्या जुन्या व्यापाऱ्यालाही फोन लावला.

अकरा नळ्यांपैकी आठ स्वच्छ राहिल्या. तीन दुधी झाल्या. मग तिने प्रत्येक डब्यातलं तेल वजन करून छोट्या काचेच्या बशीत घेतलं आणि बशा उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवल्या. जे उडेल ते उडेल, उरेल त्याचं वजन करायचं. रोशा तेल आळशी असतं, सावकाश उडतं. संध्याकाळ झाली तरी बशांचं वजन कमी होतच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सगळ्या वाफेवर चढल्या.

त्याच सकाळी पार्वतीताई आल्या. त्या गटाच्या अध्यक्ष. कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्राच्या अतिथीगृहात बचत गटांचं प्रदर्शन होतं, त्यासाठी त्या दिल्लीत होत्या. सरांनी रिपोर्ट पाहताच त्यांचं फोनवर अभिनंदन केलं होतं, आणि ते परत घ्यायला फोन करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. मेट्रो स्टेशनवर क्षिप्रा त्यांना घ्यायला गेली तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता.

ऑटोत बसल्यावर तिने सांगितलं. पार्वतीताईंनी बॉक्स मांडीवर घट्ट धरला.

"मशीननं पास केलं म्हणाले ना साहेब?"

"मशीनला ते दिसतच नाही, ताई."

लॅबमध्ये त्या उंच स्टुलावर बसल्या आणि बशांकडे बघत राहिल्या. मग त्यांना एक गोष्ट आठवली तशा त्या भरभर बोलू लागल्या. नवे डबे परवडत नाहीत म्हणून त्यांनी बाजारातून खाद्यतेलाचे जुने डबे आणले होते. धुतले होते, पण कडांना राहतंच की थोडं. तेच असणार. दुसरं काय असणार?

क्षिप्रालाही तेच असावं असं मनापासून वाटलं. क्षणभर तिने वजन करायचंही लांबवलं. मग एकेक बशी काट्यावर ठेवली. आता वजन उतरायचं थांबलं होतं.

आठ बशांमध्ये टक्का-दीड टक्का उरलं होतं. एवढं शुद्ध तेलातही जड घटकांमुळे राहतं. डब्याच्या कडांचं आलं असेल तर तेही त्यातच धरून. उरलेल्या तीन बशांमध्ये घट्ट, पिवळसर, बिनवासाचं तेल होतं. साडेपंधरा, सोळा, पुन्हा साडेपंधरा टक्के. पंधरा किलोच्या डब्यात दोन किलोंहून जास्त. एवढं कडांना चिकटत नाही. आणि तिन्ही आकडे इतके जवळजवळ, की मापाने ओतल्याशिवाय यायचे नाहीत.

तिने हे सांगितलं तेव्हा शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं.

"कुठले तीन?" पार्वतीताईंनी विचारलं.

प्रत्येक गावच्या तेल काढायच्या भट्टीचा डब्यावर वेगळ्या रंगाचा पट्टा होता. क्षिप्रा त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. डबे भिंतीशी रांगेने होते. तिन्हींवर हिरवा पट्टा. पार्वतीताई वाकल्या, एका डब्याच्या रंगावरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही माझी भट्टी," त्या म्हणाल्या. "मी प्रदर्शनं करत फिरतेय म्हणून भावाच्या हवाली केली होती. अंबादासच्या."

प्रसन्न सर दारात येऊन उभे होते. त्यांनी घसा साफ केला आणि आपलं म्हणणं मांडलं: अध्यक्षांच्याच घरचा माल असा निघाला, तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा? सॉरी, पण त्यांच्या जागी कुणीही पूर्ण लॉट परतच पाठवेल.

"सर, भरवसा ठेवूच नका," क्षिप्रा म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आठ डबे एकेक करून तपासलेत. आकडे समोर आहेत. त्या व्यापाऱ्याचा माल तर आपण कधी डब्यागणिक तपासलाही नाही."

"आणि मी वर काय सांगू? तीन डबे भेसळीचे निघाले, पण पार्टी चांगली आहे?"

"असंच सांगा," पार्वतीताई मध्येच म्हणाल्या. "हिरव्या पट्ट्याचे तीन नापास, कारण भेसळ. असंच लिहा पोरी. डबे जुने होते बिते काही घालू नको त्यात."

सर दारातून वळले. मग बशांकडे गेले. त्यांनी एक दुधी आणि एक स्वच्छ नळी खिडकीसमोर धरली, रिपोर्ट पुन्हा उचलून ठेवला. दोनदा त्यांचा फोन वाजला, त्यांनी उचलला नाही. शेवटी ते म्हणाले की आठ डबे ते आपल्या सहीवर घेतील. वर्षभराच्या ऑर्डरचं आता बोलायचं नाही. पुढच्या खेपेला प्रत्येक डब्याची अल्कोहोल चाचणी होईल, आणि एकही नापास झाला तर गट बाद. यापेक्षा जास्त त्यांच्या हातात नाही.

पार्वतीताईंनी मान हलवली. मग तिथेच, डब्यांजवळ उभ्या राहून त्यांनी गावी फोन लावला.

त्या ओरडतील असं क्षिप्राला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, की आपल्या डब्यांत काय ओतलंस, आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. पलीकडचा आवाज अस्पष्ट येत होता. गवत यंदा कमी निघालं होतं. दिलेल्या शब्दाइतकं तेल भरत नव्हतं. बहिणीचा शब्द दिल्लीत पडू नये म्हणून.

"माझा शब्द तू सोयाबीननं भरलास," पार्वतीताई म्हणाल्या. "आता ऐक. यंदा आपल्या भट्टीचं तेल गटात घेणार नाही. बाकी बायकांना मी आल्यावर सांगेन, तू मध्ये पडू नको." मग त्यांनी फोन क्षिप्रापुढे केला. "किती टक्के ते तू सांग. मी सांगितलं तर म्हणेल, ताई रागानं बोलतेय."

क्षिप्राने फोन कानाला लावला. आकडा सांगितला. कसा काढला तेही सांगू लागली, बशी, वाफ, वजन, तेवढ्यात त्याने तिला थांबवलं.

"मॅडम," अंबादास म्हणाला, "बाकीचे डबे घेतले ना?"

"आठ घेतले."

"मग बरं." त्याने आवाज खाली आणला. "मी विचारलं हे ताईला सांगू नका. विचारायला तोंड कुठलं मला."

पार्वतीताई समोरच उभ्या होत्या, तिच्या चेहऱ्याकडे बघत. काय म्हणाला, असं त्यांनी विचारलं. क्षिप्राने फोन परत दिला आणि काय सांगावं ते तिला ठरवता येईना.