घडीतली खूण

उद्या सोमवारी बानाबाईचा बीजगणिताचा पेपर होता. दहावीची पुरवणी परीक्षा, तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा ती फक्त गणितात नापास झाली होती.

नवरा सरकारी कचेरीत शिपाई होता. तो अचानक गेल्यावर त्याच्या जागी अनुकंपा यादीत तिचं नाव लागलं, पण तिथल्या बाबूनं सांगितलं, ‘दहावी पास पायजे. आन पंचेचाळीस वर्षं भरली की यादीतून नाव उडतं.’ सप्टेंबरात तिला पंचेचाळीस भरत होती.

बद्रीनाथ सर गुलमंडी बाजाराच्या मागच्या गल्लीत राहायचे. रिटायर झाल्यावर उशिरा परीक्षेला बसणाऱ्या बाया-माणसांना फुकट शिकवायचे. शनिवारी त्यांनी सरावाच्या कागदाचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘चौथं उदाहरण नक्की करा. असलं एक येतंच.’

मुकुंदवाडीतल्या खोलीत, पत्र्याखाली घाम पुसत बानाबाईनं दुपारी चौथं उदाहरण घेतलं. पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा: x² + 6x + 10 = 0.

रीत तिला पाठ होती. दहा पलीकडं नेले: x² + 6x = −10. सहाचा निम्मा तीन, तीनचा वर्ग नऊ. नऊ दोन्हीकडं मिळवले. डावीकडं (x + 3)² झालं. उजवीकडं उणे एक.

तिची पेन्सिल थांबली. कुठल्याही संख्येचा वर्ग उणे येत नसतो, हे सरांनी दहादा सांगितलं होतं.

तिनं खोडलं, परत केलं. उणे एक. चौथ्या वेळी कागद फाटला. मग तिनं वही भिंतीवर फेकली आणि पदरात तोंड घालून रडली.

थोरली जाऊ आशाबाई शेंगा निवडत होती. ती म्हणाली, “बाने, सोड आता. मेंढरामागं वाढलेली आपुन. नाय जमत तर नाय जमत. माझ्यासंगं धुण्या-भांड्याला चल.”

“जाऊबाई, एवढ्या एका गणितापायी?”

“एका का, दोन वर्षं झाली की!”

बानाबाईनं सरांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शेवटी ती उठली, वही-पेन्सिल पिशवीत टाकली, चप्पल घातली आणि रिक्षानं गुलमंडी गाठली. सरांच्या दाराला कुलूप होतं. समोरचा कापडवाला म्हणाला, “सर को कल रात दवाखाने ले गए, बाई. छातीत दुखायलं होतं.”

ती पायरीवर बसली. आता सरांची काळजी आणि उद्याची धास्ती एकदमच अंगावर आली. विचारायला कुणी उरलं नव्हतं. बसल्या बसल्या तिनं मोबाईल उघडला, निव्वळ डोळ्यांना काहीतरी हवं म्हणून. कागदावर पाचवं उदाहरण होतं: विवेचक काढून मुळांचं स्वरूप सांगा.

हे सोपं वाटायचं तिला. b चा वर्ग वजा चार गुणिले a गुणिले c. पाचवं करायच्या ऐवजी तिनं चौथ्यालाच ते लावलं. छत्तीस वजा चाळीस. उणे चार.

विवेचक शून्याहून लहान, म्हणजे वास्तव मुळं नाहीत.

दोन वेगळ्या वाटा, दोन्ही एकच सांगत होत्या. मग आपलं चुकलं नव्हतंच! या गणिताला उत्तर नव्हतं. पण सर ‘सोडवा’ म्हणाले होते, आणि सर असं गणित द्यायचे नाहीत.

तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. कागदाला मधोमध उभी घडी होती आणि घडीची काळी रेघ नेमकी दहाच्या आधीच्या खुणेवरून जात होती. सहाच्या आधीचं अधिक ठसठशीत शाईचं. दहाच्या आधीची आडवी रेघ शाईची, उभी मात्र सावलीची, वर-खाली पार कागदाच्या टोकापर्यंत गेलेली. ती वजाची खूण होती.

तिनं पायरीवरच वही मांडीवर घेतली. x² + 6x = 10. नऊ मिळवले. (x + 3)² = 19. x = −3 + √19 किंवा −3 − √19. विवेचक: छत्तीस अधिक चाळीस, शहात्तर. शून्याहून मोठा, मुळं दोन. जमलं.

“काय झालं, बाई? रडताय का?” कापडवाल्यानं विचारलं.

“नाय. गणित सुटलं.”

त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला. पाणी पिऊन तिनं दवाखान्याचा पत्ता विचारला आणि तिकडं गेली. सरांना भेटू दिलं नाही, पण बाहेर बसलेल्या त्यांच्या बायकोनं सांगितलं, आता धोका नाही. बानाबाई घटकाभर तिच्याजवळ बसली आणि घरी येऊन पहिल्या उदाहरणापासून पुन्हा सुरू झाली.

सोमवारच्या पेपरात तिला दोन प्रश्न आलेच नाहीत. भूमितीचा पेपर बरा गेला. निकालाला गणितात अडतीस गुण पडले. ऑगस्टच्या शेवटी तिनं गुणपत्रिका बाबूच्या टेबलावर ठेवली. त्यानं जन्मतारीख पाहिली, कॅलेंडर पाहिलं.

“अकराच दिवस राहिलेत, बाई.”

“व्हय,” ती म्हणाली, “पोच द्या.”