कमोडवरचे ओले पाय

बाळ नुकतंच रांगायला लागलंय. दार दिसलं की निघालंच. म्हणून सकाळी कमोडच्या कडेवर पुन्हा ते उंदराचे इवले ओले पाय उमटलेले पाहिले, तेव्हा मी आधी बाळाला उचलून घेतलं.

उंदीर येऊ नये म्हणून गटाराच्या पाइपला झडप बसवून आठवडाही झाला नव्हता. न्हाणीच्या जाळीलाही प्लंबरने स्क्रू मारले होते, ती जागची हललेली नव्हती. म्हणजे उंदीर कमोडच्याच पाण्यातून बुडी मारून वर आला होता.

"दार उघडं टाकलं असशील," सासूबाई म्हणाल्या.

"दारातून येणाऱ्याचे पाय ओले कशाला असतील, आई?"

त्या माझ्याकडे संशयाने बघत राहिल्या. मी तरी कुठे मागे होते? माझा संशय प्लंबरवर. जुनापुराणा माल खपवला असणार. यांना म्हटलं, तर म्हणाले, "तुला सगळेच चोर वाटतात."

प्लंबर आला तो कपाळावर आठ्या घेऊनच.

"वहिनी, झडप फक्त बाहेरच्या बाजूला उघडते. घरातलं पाणी तिला ढकलून जातं, आणि मग ती आपली आपण पडते. गटारातून येणाऱ्याला ती आत ढकलताच येत नाही."

"मग हा काय लिफ्टने आला?"

"तेच बघायचंय. तुम्हीच कुणी हात लावला नाही ना?"

"आम्हाला काय हौस आलीय गटारात हात घालायची?"

आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखालीच चेंबर आहे. त्याने लोखंडी झाकण पहारीने उचललं, बॅटरी मारली आणि मला बोलावलं. घरातून येणाऱ्या पाइपच्या तोंडाशी स्टीलची झडप होती. वर उचललेली, आणि तारेने घट्ट बांधलेली.

"ही गाठ माझी नाही," तो म्हणाला.

मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मामंजी मात्र कुंडीतली माती उकरत होते. कुंडी रिकामी होती.

"बाबा?"

"फ्लश केला की टक् करून आपटते ती," ते मातीकडे बघतच म्हणाले. "बाळ दचकतं. दुपारी दोनदा उठलं रडत. मला वाटलं, जाळीला स्क्रू मारलेत, तेवढं पुरे."

"अहो, स्क्रू न्हाणीच्या जाळीला," सासूबाई म्हणाल्या. "कमोडला काय बूच मारलंय?"

प्लंबरने हसू दाबलं आणि पक्कड पुढे केली. मामंजींनी ती घेतली, उकिडवे बसून स्वतःच तार तोडली. झडप खाली पडली. त्यांनी ती बोटाने आत ढकलून पाहिली, पुन्हा पाहिली. हलली नाही.

"आवाजाची सवय होईल त्याला," मी म्हणाले.

ते नळाखाली साबण लावून कोपरापर्यंत हात धुत राहिले, बराच वेळ. मग पुसून माझ्यासमोर उभे राहिले, हात पुढे करून. मी कडेवरच्या बाळाला त्यांच्या हातात दिलं.