आठ अंशांचं पुराण

अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस पाहायचा असता, तर तुम्ही २००६ साली एग्मोरच्या आमच्या हॉटेलात यायला हवं होतं. मुदपाकखान्यात गळ्यात डिजिटल थर्मामीटर अडकवून डॉक्टरसारखा फिरणारा तो मीच, त्र्यंबक. मूळचा नगरचा. घरात अंडंसुद्धा शिजत नसे, आणि मी चेन्नईत येऊन मटण भाजण्याचा अधिकारी पुरुष झालो होतो. म्हणजे माझ्या मते झालो होतो.

त्याआधी वर्षभर मला कोल्ड किचनमध्ये ठेवलं होतं. काकडीचे पंखे आणि कलिंगडाचे हंस करायचे. शेवटी आमचे मुख्य शेफ बालाजीराव यांनी मला भट्टीपाशी घेतलं, पण एका अटीवर. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्याची मेजवानी आमच्या हॉटेलात होती, तिथे मेंढीच्या अख्ख्या मांड्या, आमच्या भाषेत लेग, मी भाजायच्या आणि पाहुण्यांसमोर उभं राहून कापायच्या. जमलं तर भट्टी माझी. नाही जमलं तर परत काकडी.

बालाजीराव तंजावरकडचे मराठी. पिढ्यान् पिढ्या तिकडे काढलेली माणसं, त्यांची मराठी ऐकताना एखादी जुनी बखर तमिळ चालीवर कुणीतरी वाचतंय असं वाटे. कमी बोलत. मी दोघांचं बोलून घेत असे.

भट्टीपाशी माझा पहिला लेग वाया गेला होता. मधोमध अठ्ठावन्न अंश हवे होते, म्हणजे मांस गुलाबी आणि रसाळ राहतं. मी अगदी अठ्ठावन्नला काढला आणि छाती काढून उभा राहिलो. ओट्यावर ठेवलेला तो लेग, कुणी हात न लावता, सहासष्टावर गेला. आतून चपलेच्या रंगाचा निघाला.

"थर्मामीटर बिघडलाय," मी म्हणालो.

"थर्मामीटर बरा आहे," बालाजीराव म्हणाले. "पाहा, त्र्यंबका. भट्टी दोनशेवीसवर. बाहेरचं मांस भयंकर तापलं, आंतलं थंड. तूं बाहेर काढलास म्हणून ती ऊब जाईल कुठें? थोडी हवेंत जाते, थोडी आंत सरकत राहते. आंत-बाहेर जुळेपर्यंत आंतलं चढतंच. म्हणून आधीं काढायचं. हा लेग आठ चढला. सरी?"

सरी म्हणजे बरं, समजलं का. मला काय समजलं, तर 'आठ'. बाकीचं सगळं माझ्या कानांवरून गेलं, पालथ्या घड्यावर पाणी. पुढचे सगळे लेग मी पन्नासला काढले आणि ते अठ्ठावन्नावर जाऊन थांबले. झालं! मी भेटेल त्याला आठ अंशांचं पुराण ऐकवू लागलो. बेकरीतली कीर्तना तर मी दारात दिसलो की पिठाच्या मशीनचा वेग वाढवायची. तरी मी ओरडून सांगायचो.

मेजवानीच्या दिवशी पाच लेग होते. बालाजीराव सकाळीच म्हणाले, "आज सावकाश करूं. आधीं तव्यावर बाहेरून भाजून रंग आण, मग भट्टी शंभरवर ठेव. कडेपासून मधोमध एकसारखं गुलाबी होतं."

मीच रंग आणला. मीच माझ्या या हाताने भट्टीचं बटण शंभरवर ठेवलं. आणि संध्याकाळी मधोमध पन्नास दिसताच मीच पाचही लेग बाहेर काढून ओट्यावर मांडले. कीर्तनाला बोलावून म्हणालो, "बघ हं, आता आपोआप आठ चढणार."

एक्कावन्न झाले. मी हसलो. बावन्न झाले. मी कीर्तनाकडे पाहून भुवया उडवल्या.

बावन्नच राहिले.

मी दुसऱ्या लेगमध्ये सुई खुपसली. बावन्न. तिसऱ्यात साडेएक्कावन्न. थर्मामीटर झटकला, पुसला, त्याच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी राहिलं. बाहेर हॉलमध्ये सूपचे वाडगे उचलले जात होते. मांस आतून अजून कच्चट होतं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तो चढायचा थांबलाय," कीर्तना म्हणाली. ती बिचारी हसलीसुद्धा नाही, आणि त्याने मी जास्त घाबरलो.

बिघाड झाला म्हणून सांगावं, खाटकाने वाईट माल दिला म्हणावं, असं सगळं मनात येऊन गेलं. तोंड माझं तयारच असतं. पण बालाजीराव समोर येऊन उभे राहिले, त्यांनी एका लेगच्या कडेवर तळहात ठेवला, आणि मला खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

"मी पन्नासला काढले, शेफ. आठ चढतील म्हणून."

"भट्टी कितीवर होती?"

"शंभर."

"मग बाहेरचं मांस किती तापलं असेल?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मंद भट्टीत बाहेरचं मांस आतल्यापेक्षा थोडंसंच गरम होतं. आत सरकायला शिल्लक ऊबच नव्हती, तर चढणार काय, माझं कपाळ? आठ हा आकडा मांसाचा नव्हताच, तो त्या तापलेल्या भट्टीचा होता. मी मात्र तो पाढ्यासारखा पाठ केला होता. इतकी लाज वाटली की भट्टीत आपणच जाऊन बसावं.

बालाजीरावांनी भट्टी दोनशेतीसवर नेली, पाचही लेग आत सारले आणि माणूस पाठवून कारखान्याच्या साहेबांना निरोप दिला, की भाषण जेवणाआधी उरकून घ्या. मग माझ्याकडे वळले.

"आतां तूंच सांग. कितीला काढायचं?"

पाठ केलेलं काहीच उपयोगाचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी मांसाचा विचार केला. भट्टी कडक, म्हणून बाहेरचं भराभर तापेल. पण थोडाच वेळ, म्हणून वरचा पातळ थरच तापेल. म्हणजे चढेल, पण आठ नाही. अठ्ठावन्नपर्यंत थांबलो तर चप्पल, आत्ताच काढले तर कच्चे.

"पंचावन्न," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.

पंचावन्नला मी लेग बाहेर काढले. हॉलमधून साहेबांचं भाषण ऐकू येत होतं. कुणाचं भाषण लांबावं अशी प्रार्थना मी जन्मात त्या दिवशीच केली. छप्पन्न. सत्तावन्न. मग बराच वेळ काही नाही. अठ्ठावन्न, आणि आकडा तिथेच थांबला.

कापायच्या टेबलामागे मी सुरी धरून उभा राहिलो आणि पहिला काप केला. कड जरा गडद, पण आत थेट मध्यापर्यंत गुलाबी. रस ताटात सांडला नाही, मांसातच राहिला. मला असं वाटलं की ओरडावं. ओरडलो नाही, कारण रांगेतले पहिले पाहुणे मधुसूदन ताट पुढे करून उभे होते. कारखान्यातल्या भट्ट्या त्यांच्याकडे असत. लोखंड तापवण्यात त्यांचे केस पांढरे झालेले.

त्यांनी तिथेच एक घास खाल्ला. मग दुसरा काप मागितला आणि मनापासून विचारलं, "हे एकसारखं कसं येतं? भट्टीतून किती अंशांना काढता?"

शेजारी बालाजीराव उभे होते. मागे रांगेत पंधरा-वीस माणसं, सगळी कान देऊन. असा श्रोता मला वर्षभरात मिळाला नव्हता.

"ते भट्टीवर आहे, सर," मी म्हणालो. "आणि आज माझं चुकलं होतं. शेफनी वाचवलं."

मधुसूदन हसले. "आमच्याकडे हे कबूल करायला माणसाला दहा वर्षं लागतात," ते म्हणाले आणि ताट घेऊन गेले.

बालाजीरावांनी माझ्या हातातली सुरी घेतली. झालं, काढून घेतली, मला वाटलं. त्यांनी धारेच्या पोलादी सळईवर तिला दोनदा धार लावली आणि मूठ माझ्याकडे करून परत दिली.

"उद्यां रविवार. दुपारचा लेग तूंच लाव," ते म्हणाले. "भट्टी कितीवर ठेवायची, तेंही तूंच ठरव."

माझे डोळे भरून आले. पुढच्या बाईंनी ताट पुढे केलं आणि माझ्या डोळ्यांकडे पाहत काळजीने विचारलं, मटणाशेजारचा हा चिरलेला कांदा फार तिखट आहे का? मी मान हलवली आणि कापत राहिलो.