खालचा कॉम्प्युटर

दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत. ती म्हणायची, अख्ख्या जगाची मी सिस्टर, पण सख्खी बहीण एकच. त्या एकीसाठीच त्या सकाळी ती तळमजल्यावर, पेशंटच्या नातेवाइकांसाठी ठेवलेल्या कॉम्प्युटरसमोर बसली होती.

धाकटीला नवी नोकरी शोधायची होती आणि तिची प्रमाणपत्रं ताईच्या व्हॉट्सॲपवर पडून होती. ताईने कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडलं, स्क्रीनवरचा तो काळापांढरा चौकोन फोनने स्कॅन केला आणि प्रिंट द्यायला सुरुवात केली. शेवटचं पान मशीनमधून निम्मं बाहेर आलं होतं, तेवढ्यात वरून निरोप आला की फुटलेल्या आतड्याची केस आहे, लगेच या. तिने कागद उचलले आणि जिन्याकडे धावली. कॉम्प्युटर तसाच राहिला. त्यावरचं तिचं व्हॉट्सॲपही तसंच उघडं राहिलं.

ऑपरेशन थिएटरमध्ये एकदा हात धुऊन ग्लोव्हज चढवले की ते हात आपले राहत नाहीत. नाक खाजलं तरी खाजवायचं नाही. ताईचं काम डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायचं. बाहेरची धावपळ दुसऱ्या सिस्टरकडे होती. तिचं खरं नाव सगळे विसरले होते, सगळे तिला दवंडी म्हणत. कारण उघड आहे. तिच्या कानात पडलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत धोब्यालाही ठाऊक झालेली असायची.

पोट उघडून झालं होतं आणि फोन वाजला. दवंडीने घेतला, ऐकला, ठेवला.

"ताई, तुमच्या धाकटीचे मिस्टर आलेत म्हणे. खाली कॉम्प्युटरपाशी बसलेत. तुम्ही सुटेपर्यंत थांबतो म्हणाले."



धाकटीने महिन्याभरापूर्वी घर सोडलं होतं. पाठीवर बेल्टचे वळ घेऊन ती ताईच्या दारात आली होती. तिथे तो पहिल्यांदा शोधणार हे ठाऊक असल्यामुळे ताईने तिला दवाखान्यापासून बसने दोन थांब्यांवर एक खोली पाहून दिली. त्याला एवढंच माहीत होतं की ताईला पत्ता ठाऊक आहे. याआधीही दोनदा तो येऊन खाली बसला होता. आरडाओरडा नाही, काही नाही. साळसूदपणे "ताई, तिला समजवा ना" एवढंच म्हणायचा. तिला त्या गोड बोलण्याचीच जास्त भीती वाटायची.

आणि मग तिला आठवलं. कॉम्प्युटर.

"क्लॅम्प," डॉक्टर म्हणाले. तिने दिला.

फोन कपडे बदलायच्या खोलीत, कपाटात होता. तो आणायचा, उघडायचा आणि खालचं व्हॉट्सॲप तिथूनच बंद करायचं. दोन मिनिटांचं काम. पण हात पोटाशी, ग्लोव्हजमध्ये. बोटाच्या ठशाने उघडणारा फोन आणि बोट रबराच्या आत. म्हणजे दवंडीला सांगावं लागणार. आकडे सांगावे लागणार, का ते सांगावं लागणार, आणि धाकटीचं झाकलेलं सगळं संध्याकाळच्या आत चव्हाट्यावर येणार. लोक काय, मेलेल्या म्हशीचंही दूध काढतात.

तिने स्वतःची समजूत घातली. पत्ता त्यात नाहीच मुळी. दोघींचं ठरलेलं होतं की पत्ता कुठे लिहायचा नाही, तोंडीच सांगायचा. बसू दे त्याला शोधत. वाचू दे आमच्या भाजीच्या गप्पा. आणि दुसऱ्याचं उघडून वाचणारा माणूस तो असेलच कशावरून? पण हे वाटतानाच तिला कळत होतं की तो नेमका तसाच माणूस आहे.

सांगावं म्हणून तिने दवंडीकडे पाहिलं, तेवढ्यात एक शीर सुटली. डॉक्टर वाकले, रक्त ओढणाऱ्या सक्शनचा आवाज वाढला. ताई एकामागून एक क्लॅम्प देत राहिली आणि मनातल्या मनात खालच्या खुर्चीकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं, आणि मास्कच्या आत रडायचीही सोय नव्हती.

रक्त थांबलं तेव्हा कोण काय म्हणेल याची तिला पर्वा उरली नव्हती.

"कपाटातून माझा फोन आण," ती दवंडीला म्हणाली. "आकडे सांगते, उघड."

डॉक्टरांनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले. तिने धाकटीची जन्मतारीख मोठ्याने सांगितली. दवंडीने ती दाबली.

"व्हॉट्सॲप उघड. वर तीन ठिपके आहेत. त्यात लिंक्ड डिव्हायसेस."

"आहे एक कॉम्प्युटर. थोड्या वेळापूर्वी ॲक्टिव्ह होता असं लिहिलंय."

"त्याच्यावर बोट ठेव आणि लॉग आउट कर."

दवंडीने दाबलं आणि वाट पाहिली. "गेलं. यादीत आता काही नाही. खाली पुन्हा नुसता चौकोन दिसत असणार."

ताईने इतक्या वेळात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. देवच पावला, तिला वाटलं. उगाच घाबरले, उगाच या बयेला सगळं कळू दिलं.

दवंडी फोन बंद करत होती. करता करता म्हणाली, "आणि तुमच्या धाकटीने पाठवलाय बरं का पत्ता. तुम्ही मागितलेला."

"मी?"

"हे काय. 'पत्ता विसरले गं, पाठव. मी येतेय.' तुमच्याच बाजूला आहे."

ताईचे दोन्ही हात छातीच्या उंचीवर, नियमाप्रमाणे, तसेच थांबले.

"तिने काय लिहिलंय?"

दवंडीचा आवाज बारीक झाला. तिला काय ते कळलं असावं. "'विसरलीस? म्हातारी झालीस ताई तू.' मग खोलीचा सगळा पत्ता. आणि शेवटी, 'ये लवकर, चहा टाकते.'"

इतक्या जपून तोंडात ठेवलेला पत्ता धाकटीने स्वतःच्या हाताने लिहून दिला होता, कारण खालच्या कॉम्प्युटरवरून मागणारी तिला ताईच वाटली होती. आणि ताईने मगाशीच तोंड उघडलं असतं तर कोणी मागितलाच नसता.

"फोन लाव तिला," ताई म्हणाली. "आत्ता लाव. स्पीकरवर."

"सिस्टर, मी दुसऱ्या कोणाला बोलावतो," डॉक्टर हलकेच म्हणाले. पण दुसरी हात धुणार, गाऊन घालणार, मग ही सुटणार. तोवर हात सोडायची सोय नव्हती. दवंडीने एका हाताने ताईचा फोन तिच्या कानाजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरच्या फोनवरून पोलिसांना लावला. जन्मात पहिल्यांदा ती हळू आवाजात बोलत होती.

रिंग वाजली. पुन्हा वाजली. मग धाकटीने उचलला.

"अगं ताई, किती घाई. दार वाजवतेयस आणि वर फोन कशाला करतेस, आले ना उघडायला."

"ऐक माझं. दार उघडू नकोस."

मास्कमधून आवाज जाड आणि दबका निघत होता. यंत्रं टिकटिकत होती. पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"काय म्हणतेस? नीट ऐकू येत नाही. थांब, तुझा चहा उतू जाईल. दारातच आहेस ना, काय सांगायचंय ते आत येऊन सांग."

फोन ओट्यावर ठेवल्याचं कळलं. तो चालूच होता. ताई त्यात ओरडली, दार उघडू नकोस, मी नाहीये ती, मी नाहीये. तिचे ग्लोव्हजमधले हात मात्र छातीशी तसेच होते. पलीकडे पावलं दूर गेली आणि कडी सरकली.

"आले गं," धाकटी हसत म्हणाली.