दुसरं पान

अठ्ठावीस फेब्रुवारी हा विज्ञान दिन आणि डोंबिवलीच्या शाळेतला सुमतीबाईंचा शेवटचा दिवस. बाईंनी दोन पानी भाषण आणलं होतं. पहिलं पान संपलं: "जुन्या नियमांनुसार फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश सोडत क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवा." इतक्यात ठाण्याहून शिक्षणाधिकारी साहेब आले, मुख्याध्यापकांनी माईकच काढून घेतला आणि दुसरं पान बाईंच्या हातातच राहिलं. हारतुरे उरकले आणि मुलांना वर्गात पिटाळलं.

जिन्यात पाचवीतली शेवंती भिंत धरून उभी होती.

"बाई, आपण अणूंचेच बनलेलो ना? मग आपणपण कोसळणार?"

"नाही गं. इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडावं, तितकी त्याची धडपड वाढते. म्हणून अणू एका मापाखाली आक्रसत नाही."

शेवंतीने भिंत सोडली. उरलेल्या सहाशे मुलांसाठी उद्या बाई नव्हत्या.