सव्वाएकाहत्तर

निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे नुसतं 'पास' बघितलं आणि डोकंच फिरलं. मेरिट कुठे गेलं माझं?

वेल्डिंगचा एकशेवीस तासांचा कोर्स होता. पंच्याहत्तर टक्क्यांना मेरिट, आणि शेजारचा कारखाना नोकरीला फक्त मेरिटवाल्यांनाच घेणार. मेव्हण्याच्या घरी दोन वर्षं पडून होतो. त्याचे टोमणे ऐकून कान किटले होते. चार परीक्षा होत्या. सुरक्षेत पंच्याण्णव गुण, ड्रॉइंगमध्ये पंच्याऐंशी, प्लेट वेल्डिंगला साठ. शेवटच्या पाइप वेल्डिंगला मी सत्तर काढले. वर्कशॉपच्या टेबलावर खडूने बेरीज केली, चाराने भागलं, साडेसत्त्याहत्तर! बायकोला तेव्हाच सांगून टाकलं, सामान बांध.

तसाच वर्कशॉपमध्ये घुसलो. मास्तर टेबलापाशी पाइप तपासत उभे होते.

"माझं मेरिट कुणाला विकलंत?"

"अरे, आधी ऐकून तर घे..."

ऐकतोय कोण? त्यांच्या नाकावर ठोसा हाणला. चष्मा उडाला, शर्टावर रक्त सांडलं. ते भिंतीला टेकले. मी गळपट्टी धरली, डोकं भिंतीवर आपटलं, पुन्हा आपटलं. मग सगळा जोर लावून दुसरा ठोसा मारला. मास्तरांनी मान वळवली आणि माझी मूठ शेजारी भिंतीवर लावलेल्या, पाइप पकडायच्या लोखंडी शिकंज्यावर बसली. कडकन आवाज झाला. आई गं! मी खालीच बसलो.

मास्तरांनी नाकाला फडकं लावलं. मग खडू उचलला.

"चाराने भागलंस ना, शहाण्या? गुणांना तासांनी गुणायचं असतं. सुरक्षा दहा तास, नऊशे पन्नास. ड्रॉइंग वीस, सतराशे. प्लेट चाळीस, चोवीसशे. पाइप पन्नास, साडेतीन हजार. झाले आठ हजार साडेपाचशे. भाग एकशेविसाने."

मी तोंडी भागून बघितलं. सव्वाएकाहत्तर. सुरक्षेचे ते पंच्याण्णव दहाच तासांचे, आणि मी त्यांच्यावर उड्या मारत होतो.

"मेरिटला नऊ हजार लागतात," मास्तर म्हणाले. "पाइपला एकोणऐंशी मिळाले की बरोबर नऊ हजार होतात. एकदा फेरपरीक्षा देता येते. तुझा हात चांगला आहे म्हणून सकाळीच तुझा अर्ज भरला." त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावरही रक्त लागलं होतं. "उद्या नऊ वाजता. पुढे तारीख नाही."

"मास्तर, चुकलो. पोलिसांत द्या मला."

"ते राहू दे. वेल्डिंगचा होल्डर धरून दाखव."

त्यांनी होल्डर माझ्या उजव्या हातात ठेवला. बोटं भोपळ्यासारखी सुजली होती. मिटायला गेलो, ती मिटेचनात. होल्डर निसटून फरशीवर पडला.

मास्तरांनी तो उचलून जागेवर टांगला आणि मला दवाखान्यात न्यायला स्कूटर काढली.